दरवर्षी शेवटचाच वक्ता का कापला जातो? सत्राचा क्रम आणि वेळ दुरुस्त करताना

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचीही अडचण हीच आहे का ते कळेल. परिषदेची पत्रिका नीट छापलेली असते, वक्ते चांगले असतात, सभागृहही भरतं. पण साडेबाराला संपणारं सत्र सव्वा वाजता संपतं. ज्याला ऐकायला लोक लांबून आले, तो वक्ता उभा राहतो तेव्हा मागच्या रांगा जेवणाकडे निघालेल्या असतात आणि निवेदक त्याच्या कानात सांगतो, "सर, दहा मिनिटांत आटपता येईल का?" पुढच्या वर्षी आपण ठरवतो की वेळ काटेकोर पाळायची, आणि पुन्हा तेच होतं.

सोलापुरात डाळिंब उत्पादकांच्या एकदिवसीय परिषदेतलं सकाळचं सत्र मी गेली काही वर्षं बघतो. आमच्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. चौथ्या वर्षी आम्ही क्रम आणि मोकळा वेळ दोन्ही बदलले, तेव्हा ते थांबलं.

आधी मिनिटं मोजा

तिसऱ्या वर्षी एका स्वयंसेवकाला वही-पेन देऊन पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. काम एकच: कोण किती वाजता बोलायला लागलं आणि किती वाजता थांबलं, एवढंच लिहायचं. त्या एका पानानं आमचा मोठा गैरसमज दूर केला.

सत्र १० ते १२.३० असं १५० मिनिटांचं. सहा वक्ते, प्रत्येकाला २० मिनिटं आणि ५ मिनिटं प्रश्न. सहा गुणिले पंचवीस म्हणजे बरोबर दीडशे. कागदावर हिशेब जुळतो, आणि बिघाड नेमका तिथेच आहे: या आखणीत एकही मिनिट मोकळं नाही. वक्ता खुर्चीवरून उठून माइकपर्यंत येतो, तो वेळसुद्धा कुठेच धरलेला नाही.

सहावा वक्ता १२.०५ ला उभा राहायला हवा होता. तो उभा राहिला १ वाजता. हा ५५ मिनिटांचा उशीर वहीतून असा निघाला. सत्रच १० मिनिटं उशिरा सुरू झालं. वक्त्यांनी वेळ ओलांडली ती सगळी मिळून २१ मिनिटं: पहिल्यानं ९, तिसऱ्यानं ६, चौथ्यानं ४, पाचव्यानं २. उरलेली २४ मिनिटं गेली भाषणांच्या मधल्या जागेत. प्रत्येक वक्त्याआधी परिचय, शाल, श्रीफळ, रोप, फोटो, मग पेनड्राइव्ह लावणं आणि फाइल शोधणं, असे सरासरी चार मिनिटं आणि असं सहा वेळा.

तोपर्यंत आम्ही सगळा दोष लांबण लावणाऱ्या वक्त्यांना देत होतो. प्रत्यक्षात सगळ्यांत मोठा आकडा आमचा, आयोजकांचा होता.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट होती आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या वक्त्यानं तीन मिनिटं आधी संपवलं होतं. ती तीन मिनिटं गेली कुठे? कुणीतरी एक प्रश्न जास्त विचारला आणि ती संपली. उशीर पुढच्याच्या अंगावर पडतो, पण वाचलेली वेळ पुढे पोचत नाही. म्हणून "काही जण जास्त बोलतील, काही कमी, सरासरी बरोबर येईल" हा आपला हिशेब चुकतो. सत्रात फक्त उशिरांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही. आणि ती सगळी बेरीज भरतो तो शेवटचा माणूस.

दमदार भाषण पहिलं आणि शेवटचं, पण अटींसह

दमदार भाषण सुरुवातीला आणि शेवटी ठेवावं, हे बरेच जण सांगतात. त्यामागे आधार आहे. बेनेट मर्डॉक या मानसशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये शब्दांच्या याद्या ऐकवून केलेल्या प्रयोगांत यादीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द लोकांना जास्त आठवले, मधले कमी. पुढे १९६६ मध्ये ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी दाखवलं की यादी संपल्यावर लगेच न विचारता अर्धा मिनिट लोकांना आकडे मोजायला लावलं, तर शेवटच्या शब्दांचा तो फायदा जवळजवळ नाहीसा होतो.

हे प्रयोग सुट्या शब्दांचे होते, वीस मिनिटांच्या व्याख्यानांचे नव्हते, त्यामुळे ते जसेच्या तसे सभागृहाला लावता येणार नाहीत. पण दुसरा प्रयोग वाचल्यावर मला आमच्या सत्राचा शेवट आठवला. शेवटच्या भाषणानंतर आमच्याकडे अध्यक्षीय समारोप, मग आभार, मग "जेवण डाव्या हाताला आहे, कूपन जवळ ठेवा" अशी सूचना. म्हणजे शेवटचं भाषण शेवटचं राहतच नव्हतं. श्रोता बाहेर पडताना त्याच्या कानात कूपन असायचं.

म्हणून आम्ही आभार शेवटच्या भाषणाच्या आधी आणले, एका मिनिटात. अध्यक्षांचं मनोगत सत्राच्या सुरुवातीला नेलं. याला विरोध होईल असं वाटलं होतं. अध्यक्ष वयानं ज्येष्ठ, त्यांना भेटायला मी घरी गेलो आणि सांगितलं, "काका, शेवटी तुम्ही बोलता तेव्हा लोक उठलेले असतात. सुरुवातीला बोललात तर सगळे ऐकतील, आणि पुढच्या वक्त्यांना धागा मिळेल." ते लगेच तयार झाले. समारोपाचा मान त्यांना मिळत होता, पण ऐकणारे मिळत नव्हते, हे त्यांनाही खुपत होतं.

पहिल्या जागेसाठी वक्ता नुसता दमदार असून भागत नाही, तो वेळेचाही पक्का लागतो. पहिल्यानं नऊ मिनिटं जास्त घेतली आणि कुणी अडवलं नाही, तर उरलेल्या सगळ्यांना आजची शिस्त कळते. आमच्याकडे पहिला मान हुद्द्यानं ठरायचा. त्या वर्षी योजना आणि अनुदानाची माहिती देणारे एक निवृत्त अधिकारी पहिले होते. माहिती उपयोगाची होती, पण ती ऐकण्यापेक्षा कागदावर घेऊन जाण्यासारखी होती.

आणि पहिलं भाषण म्हणजे ज्याच्या वेळी सभागृह भरलेलं आहे ते पहिलं. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडून येणारे लोक आमच्याकडे सव्वादहापर्यंत येतच असतात. बरोबर दहाला दमदार वक्ता उभा केला तर निम्मा वेळ तो खुर्च्या सरकवण्याच्या आवाजाशी झगडतो.

शेवटच्या जागेसाठी अट वेगळी आहे. तिथल्या वक्त्याचा विषय असा हवा की ज्यासाठी लोक भूक लागली तरी बसतील. आणि त्याच्या भाषणाची रचना अशी हवी की वेळ पडली तर पाच मिनिटं कमी करूनही गाभा सुटणार नाही. त्याला आधीच विचारून ठेवायचं, "दादा, पंधरा मिनिटंच मिळाली तर काय गाळाल?" ज्याच्याकडे याचं उत्तर तयार आहे, तो शेवटी चालतो.

भाषण दमदार आहे हे ओळखायचं कसं, असा प्रश्न येतोच. हुद्दा आणि बायोडेटा यावरून ते कळत नाही. आठवडाभर आधी फोन करून मी प्रत्येकाला पहिली दोन मिनिटं बोलून दाखवायला सांगतो. जो दोन मिनिटांत एखाद्या बागेत, एखाद्या अडचणीत आपल्याला नेतो, तो दमदार. जो दोन मिनिटं संस्थेचा इतिहासच सांगत राहतो, तो मधे. स्लाइड किती आहेत तेही विचारतो. वीस मिनिटांना साठ स्लाइड असतील, तर हा माणूस वेळ ओलांडणार हे मनात धरूनच त्याची जागा ठरवतो.

उशीर मुरवायच्या जागा कुठे ठेवायच्या

सगळा मोकळा वेळ सत्राच्या शेवटी ठेवण्याची चूक आम्ही दुसऱ्या वर्षी केली होती. १२.३० ऐवजी १२.४५ ला संपवायचं, म्हणजे पंधरा मिनिटं हाताशी राहतील, असा विचार होता. त्यानं शेवटच्या वक्त्याला काहीच मिळालं नाही. उशीर त्याच्या आधीच साचलेला असतो, मोकळा वेळ त्याच्यानंतर असतो. ज्याला वाचवायचं आहे त्याच्या आधी ती जागा हवी. कालव्याचं जादा पाणी शेवटच्या शेतात शिरू द्यायचं नसेल, तर सांडवा त्या शेताच्या वरच्या अंगाला काढावा लागतो.

पत्रिकेवर नुसता "राखीव वेळ १५ मिनिटं" असं लिहून चालत नाही. वक्त्याला रिकामी वेळ दिसली की तो ती आपलीच समजतो. म्हणून मोकळ्या वेळेला काहीतरी नाव आणि काम द्यायचं, असं काम जे चांगल्या दिवशी पूर्ण होईल आणि वाईट दिवशी आकसलं तरी कुणाचा अपमान होणार नाही. आम्हाला अशा तीन गोष्टी सापडल्या: सुरुवातीचा सत्कार, मधला चहा, आणि शेवटच्या भाषणाच्या आधीची एकत्रित प्रश्नोत्तरं.

सत्कार आम्ही सगळ्यांचा एकदमच, सुरुवातीला ठेवला. भाषणांच्या मधली शाल-श्रीफळाची मिनिटं त्यामुळे गेली, आणि उशिरा येणारे लोक सत्काराच्या वेळात बसून घेतात. प्रत्येक भाषणामागची पाच-पाच मिनिटांची प्रश्नोत्तरं काढून ती एका ठिकाणी आणली. सुटी पाच मिनिटं नेहमी सात होतात. वीस मिनिटांची एक चर्चा मात्र गरज पडली तर बारा मिनिटांत आटोपते, आणि चार प्रश्न कमी झाले हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मुख्य म्हणजे ही चर्चा दमदार भाषणाच्या बरोबर आधी ठेवली.

वेळ ओलांडणारच अशी खात्री असलेल्या वक्त्याची जागा चहाच्या आधी. समोरचे लोक चुळबुळायला लागतात, बाहेर कपांचा आवाज येतो, आणि जे अध्यक्षांच्या चिठ्ठीनं होत नाही ते चहा करतो. त्यानं खाल्लेली मिनिटं चहाच्या वीसमधून जातात, दुसऱ्या वक्त्याच्या वाट्यातून नाही. अशा वक्त्याला शेवटून दुसरा मात्र कधीही ठेवू नका.

चौथ्या वर्षाची आखणी

सहाचे पाच वक्ते केले. योजना-अनुदानाची माहिती भाषणातून काढून बाहेर एक टेबल लावलं, तिथं ते अधिकारी साहेब चहाच्या वेळी आणि जेवणानंतर बसले. लोकांनी कागदपत्रं दाखवून त्यांना थेट विचारलं, आणि साहेबांनाच ते जास्त आवडलं. सत्कारात त्यांचं नाव पहिलं घेतलं, त्यामुळे मान कुठेही कमी झाला नाही.

पहिलं भाषण तेल्याचं. तेल्या हा जिवाणूमुळे होणारा रोग, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर झाडावरून झाडावर जाणारा. तो कसा ओळखायचा आणि कसा पसरतो, हे एकदा नीट कळलं की पुढचे सगळे विषय त्यावर बसतात. बोलणाऱ्या शास्त्रज्ञ मॅडम वेळेच्या पक्क्या. मागच्या वर्षी हाच विषय सहावा होता आणि एक वाजता सुरू झाला होता. शेवटचं भाषण एका शेतकरी दादांचं: तेल्यानं गेलेली भगवा जातीच्या डाळिंबाची बाग त्यांनी कशी परत उभी केली, छाटणीपासून फवारणीपर्यंत, स्वतःच्या नोंदवहीतल्या तारखांसह. मागच्या वर्षी ते पाचवे होते आणि लोकांनी त्यांना जेवणाच्या रांगेत गाठून प्रश्न विचारले होते. त्यावरूनच आम्हाला कळलं की ही शेवटची जागा त्यांची आहे.

आखणी अशी झाली:

१०.०० सत्कार आणि अध्यक्षांचं मनोगत (१५ मिनिटं)
१०.१५ तेल्याची ओळख आणि प्रसार (२०)
१०.३८ माती-पाणी परीक्षण (१५)
१०.५६ निर्यात आणि फळातले औषधांचे अंश (१५)
११.११ चहा (२०)
११.३१ फळपीक विमा (१५)
११.४६ चौघांना एकत्रित प्रश्न (२०), मग आभार
१२.१० बाग परत उभी केली तेव्हा (२०)
१२.३० जेवण

सलग येणाऱ्या भाषणांच्या मधली तीन-तीन मिनिटं बघा, ती आता हिशेबात आहेत. पत्रिकेवर फक्त १०.१५, चहा ११.११ आणि १२.१० एवढ्याच वेळा छापल्या, बाकी नुसता क्रम. छापलेल्या वेळेशी रोज भांडण्यापेक्षा दोनतीन वेळा खऱ्या ठेवणं सोपं जातं.

या सगळ्यात एकच वेळ अढळ: १२.१०. गाडी फलाटावरून सुटते तशी. बाकी काहीही आकसेल, ही हलणार नाही, असं निवेदक, सत्राध्यक्ष आणि चहावाला या तिघांना सांगून ठेवलं. मुरवण्याची ताकद किती, तेही आधी मोजलं. सत्कार पंधराचा आठवर येऊ शकतो, चहा वीसचा बारावर, प्रश्न वीसचे पाचवर: सात, आठ आणि पंधरा, एकूण तीस मिनिटं. मागच्या वर्षीच्या वहीप्रमाणे सुरुवातीचा उशीर १०, निर्यातवाले ६, विमावाले ४, म्हणजे वीस मिनिटं येणं अपेक्षित होतं. दहा हाताशी उरत होती.

प्रत्यक्ष दिवशी सत्कार १०.१२ ला सुरू झाला, आठ मिनिटांत आटोपला. १०.२० ला मॅडम उभ्या राहिल्या, बरोबर वीस मिनिटं बोलल्या. माती-पाणी वेळेत. निर्यातवाले सर आठ मिनिटं जास्त बोलले आणि ११.२४ ला थांबले. म्हणजे आम्ही तेरा मिनिटं मागे. बाहेरून चहावाला डोकावून विचारून गेला, "चहा लावू का ओ सर?" चहा तेरा मिनिटांचा झाला, ११.३७ ला घंटा वाजवली. विमावाले चार मिनिटं जास्त, ११.५६. इथं आम्ही दहा मिनिटं मागे होतो. प्रश्नोत्तरं बारा मिनिटांत थांबवली, एक मिनिट आभार, आणि १२.१० ला दादा माइकवर होते. १२.३१ ला संपलं. स्वयंसेवकानं डोकी मोजली होती: मागच्या वर्षी एक वाजता चाळीसच्या आसपास, या वर्षी १२.१० ला दीडशेच्या वर.

या रीतीनं काय सुटत नाही

अर्धा तास मुरवता येतो, तासभर नाही. उद्घाटनाचे पाहुणेच पाऊण तास उशिरा आले तर क्रम कितीही चांगला असो, एक भाषण कमी करावंच लागतं. कोणतं कमी करायचं ते आदल्या दिवशी ठरवून त्या वक्त्याला सांगून ठेवा. ऐनवेळी ठरवायला गेलं की शेवटचाच बळी जातो, कारण बाकीचे तोवर बोलून झालेले असतात.

एखादा वक्ता आलाच नाही तर पुढच्याला लगेच पुढे ओढण्याचा मोह होतो. एकाच सभागृहातलं सत्र असेल तर मधल्या वक्त्यांना ओढा, १२.१० वाल्याला नाही. दोन सभागृहांत समांतर सत्रं चालू असतील तर कुणालाच ओढू नका. लोक छापलेली वेळ बघून एका दालनातून दुसऱ्यात येतात, आणि आल्यावर भाषण अर्धं झालेलं असलं तर ते पुन्हा तुमच्या पत्रिकेवर विश्वास ठेवत नाहीत. रिकामी वेळ प्रश्नांना द्या.

चिठ्ठीबद्दल एक सांगायचं राहिलं. भरात आलेल्या वक्त्याला व्यासपीठावर चिठ्ठी सरकवली की त्याला ती आपली मानहानी वाटते, आणि तो मुद्दाम आणखी दोन मिनिटं बोलतो. आम्ही पहिल्या रांगेत मध्यभागी स्वयंसेवक बसवतो, हातात तीन पुठ्ठे: हिरव्यावर ५, पिवळ्यावर २, लालवर "थांबूया". लाल दाखवून एक मिनिट झालं की सत्राध्यक्ष आपल्या जागी उभे राहतात, काही बोलत नाहीत. हे सगळं सकाळी साडेनऊला सगळ्या वक्त्यांना एकत्र, चहा घेता घेता सांगितलेलं असतं, त्यामुळे ते कुणा एकाला उद्देशून वाटत नाही. त्याच वेळी सगळ्यांच्या फाइली एकाच लॅपटॉपवर उतरवून घेतो, नावाआधी १, २, ३ असे आकडे टाकून. या वर्षी निर्यातवाल्या सरांनी लाल पुठ्ठा दिसल्यावरही बोलणं चालू ठेवलं, पण अध्यक्ष उभे राहिल्यावर शेवटच्या चार स्लाइड सोडून दिल्या. पुढच्या वर्षी त्यांना पंधराऐवजी बारा मिनिटं सांगणार आहे, आणि जागा तीच, चहाच्या आधीची.